अंधारातला हलता व्हिडिओ गाड्या मोजायला देण्याआधी

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या फाट्यावर संध्याकाळी सातनंतर किती गाड्या जातात, हे ग्रामपंचायतीला दाखवायचं होतं. फाटा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर आहे. केळीच्या हंगामात तिथून भरलेले ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मोटरसायकली एकामागोमाग एक जात असतात, आणि शाळेची पोरं त्याच रस्त्याने घरी येतात. गतिरोधक आणि दिवा मागायचा तर आकडा हवा. मी किराणा दुकानाच्या ओट्यावर उभा राहून हातातल्या फोनने वीस मिनिटं शूटिंग केलं आणि तो व्हिडिओ कंप्युटरवरच्या गाड्या ओळखणाऱ्या प्रोग्रामला दिला. त्याने सांगितलेला एकूण आकडा मी हाताने मोजलेल्या आकड्याच्या अगदी जवळ होता, म्हणून मला बरं वाटलं. मग एकेक गाडी ताडून पाहिली. अंधारातल्या कित्येक मोटरसायकली त्याने पाहिल्याच नव्हत्या आणि वळणावर थांबलेला एक ट्रक चार वेळा मोजला होता. सुटलेल्या आणि वाढलेल्या गाड्यांनी एकमेकांना झाकून टाकलं होतं.

हे का होतं, ते कसं दुरुस्त करायचं आणि दुरुस्तीने खरोखर किती फरक पडला हे कसं मोजायचं, ते इथे सांगतो. लेख असंच काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे. साधा लॅपटॉप, `ffmpeg` हा मोफत प्रोग्राम, पायथन आणि त्याची `ultralytics` ही लायब्ररी एवढ्यावर सगळं होतं.

चूक दोन दिशांनी येते

गाडी ओळखणारं मॉडेल प्रत्येक फ्रेममध्ये गाडीभोवती एक चौकट आखतं. दुसरा भाग, म्हणजे ट्रॅकर, या फ्रेममधली चौकट आणि पुढच्या फ्रेममधली चौकट एकाच गाडीची आहे हे जुळवतो आणि तिला एक क्रमांक देतो. आपण चित्रात एक आडवी रेघ ठरवतो. एखाद्या क्रमांकाच्या चौकटीचा मध्य रेघेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की एक गाडी मोजली जाते.

आता हात हलला की काय होतं ते पाहा. रेघ स्क्रीनवर आहे तिथेच राहते, पण हाताबरोबर रस्ता वरखाली होतो. रेघेजवळ हळू झालेला ट्रक प्रत्यक्षात जागचा हलत नाही, तरी चित्रात तो रेघेच्या अलीकडे-पलीकडे होत राहतो आणि दर वेळी एक आकडा वाढतो. झटका मोठा असेल तर ट्रॅकरला चौकट अपेक्षित जागी सापडत नाही. तो जुना क्रमांक सोडून नवा देतो, आणि तसं रेघेपाशी झालं तर गाडी दोनदा मोजली जाते किंवा अजिबात मोजली जात नाही. म्हणजे हादऱ्यांमुळे बहुतेक वेळा आकडा वाढतो.

अंधारामुळे आकडा घटतो. मॉडेलला गाडीची कड दिसली नाही की चौकटच येत नाही. हेडलाइटचा गोळा दिसतो, पण नुसत्या गोळ्यावरून ते मोटरसायकल ओळखत नाही.

म्हणून एकूण आकडा जुळला एवढ्यावर भरवसा ठेवू नका. हादरे आणि अंधार यांच्यावर वेगवेगळे उपाय करायचे आणि त्यांचा परिणामही वेगवेगळा मोजायचा.

शूटिंग करतानाच वाचवता येईल ते वाचवा

नंतर कितीही प्रक्रिया केली तरी एक गोष्ट परत येत नाही. फ्रेम टिपली जात असतानाच जे पुसट झालं ते पुसटच राहतं. सेकंदाला ३० फ्रेम घेणारा फोन अंधारात प्रत्येक फ्रेमसाठी शटर जास्तीत जास्त १/३० सेकंद उघडं ठेवू शकतो, आणि ऑटोवर असेल तर बहुधा तेवढं ठेवतोच. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी मोटरसायकल सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात ती ३३ सेंटिमीटर सरकते. दोन मीटरच्या गाडीचा सहावा हिस्सा चित्रात फराटा होऊन जातो. वर आपला हात हलला तर रस्ता, दुकानं, झाडं सगळंच फराटतं. स्थिरीकरण फ्रेम जागेवर आणून बसवतं, फ्रेमच्या आतला फराटा पुसत नाही. त्यामुळे स्थिर केलेल्या व्हिडिओत एक विचित्र गोष्ट दिसते. घरं जागच्या जागी असतात, पण मध्येच एक-दोन फ्रेम धूसर होतात आणि पुन्हा स्पष्ट होतात.

फोनमध्ये प्रो किंवा मॅन्युअल व्हिडिओ असेल तर शटर १/१०० वर ठेवून पाहा. फराटा १० सेंटिमीटरवर येतो, पण उजेडही एक तृतीयांशाच्या खाली जातो. रस्त्यावर दिवा असेल तर हा सौदा परवडतो. दिवा नसेल तर १/५० वर थांबा. या दोन आकड्यांचा आणखी एक फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० चं शटर त्या लयीशी जुळतं, म्हणून चित्रात आडवे काळे पट्टे सरकत नाहीत.

लेन्स रुमालाने पुसा. कापूस आणि धूळ उडण्याच्या दिवसांत तर हे विसरूच नका, कारण मळक्या लेन्सवर हेडलाइट अर्धं चित्र पांढरं करतो. मुख्य कॅमेराच वापरा. वाइड आणि झूमचे कॅमेरे बहुतेक फोनांत मुख्यपेक्षा कमी उजेड घेतात. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर प्रत्येक ट्रकच्या दिव्याबरोबर सगळं चित्र गडद होईल आणि मग पुन्हा उजळेल. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या तोंडावर उभं राहू नका. रस्त्याच्या बाजूला थोडं तिरकं उभं राहा आणि मोजायची रेघ अशा जागी येईल असं पाहा, जिथे दुकानाचा किंवा खांबाचा उजेड गाडीच्या अंगावर पडतो. मी पहिल्या दिवशी रेघ अंधाऱ्या टप्प्यात धरली होती. नंतर ती फक्त दहा पावलं दुकानाकडे सरकवली, तेव्हा व्हिडिओ न उजळताही सुटणाऱ्या गाड्या डोळ्यांना जाणवेल इतक्या कमी झाल्या.

आणखी एक, चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात घरं, खांब, पाण्याची टाकी असं काहीतरी न हलणारं ठेवा. त्याचा उपयोग पुढे कळेल.

पहिली पायरी: फ्रेमचा वेग सारखा करा

अंधारात फोन पुष्कळदा स्वतःहून फ्रेम कमी करतो. कुठे सेकंदाला ३०, कुठे २४, कुठे त्याहून कमी. पुढच्या पायऱ्यांमध्ये हादऱ्यांची नोंद फ्रेमच्या क्रमाने ठेवली जाते, म्हणून सुरुवातीलाच वेग एकसारखा करून घ्या. नाहीतर पुढे एखादी फ्रेम वाढली किंवा गळली की नोंद एका फ्रेमची आणि दुरुस्ती दुसऱ्याच फ्रेमला, असा घोळ होतो.

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=30 -an -c:v libx264 -crf 14 a.mp4
```

`-crf 14` मुळे फाइल मोठी होते, होऊ द्या. व्हिडिओ दाबून लहान करताना अंधाऱ्या भागातला बारीक तपशील सगळ्यात आधी फेकला जातो, आणि आपल्याला नेमका तोच हवा आहे. याच कारणासाठी व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ वापरू नका. फोनमधून केबलने मूळ फाइल घ्या.

दुसरी पायरी: हादरे शोधा, पण उजळलेल्या चित्रात

इथे नवखा माणूस हमखास अडकतो, मीही अडकलो होतो. `ffmpeg` मधलं `vidstabdetect` चित्राचे लहान तुकडे घेतं आणि प्रत्येक तुकडा किती सरकला ते पाहतं. पण ज्या तुकड्यात काळ्या-पांढऱ्याचा फरक फारच कमी, तो तुकडा ते सोडून देतं. ही मर्यादा `mincontrast` या नावाने दिलेली असते. अंधाऱ्या व्हिडिओत घरं, झाडं, रस्ता सगळं त्या मर्यादेखाली जातं. उरतात ते दिवे, आणि त्यांतले निम्मे हलत्या गाड्यांचे. मग प्रोग्राम गाड्यांची हालचाल हाताची हालचाल समजतो, आणि स्थिर केलेला व्हिडिओ मूळपेक्षा जास्त हलतो.

म्हणून हादरे शोधताना चित्र तात्पुरतं भरपूर उजळायचं आणि अंधाऱ्या चित्रात उठणारे दाणे दबावेत म्हणून जरा धूसर करायचं. हे चित्र कुठे साठवायचं नाही. त्यातून फक्त हादऱ्यांची नोंद घ्यायची.

```
ffmpeg -i a.mp4 -vf "gblur=sigma=1.5,eq=gamma=2.5,vidstabdetect=shakiness=8:mincontrast=0.15:tripod=1:result=h.trf" -f null -
```

`shakiness` 1 ते 10 असतं. जितका हात जास्त हलला तितकं वर न्या. `tripod=1` म्हणजे प्रत्येक फ्रेमची तुलना आधीच्या फ्रेमशी न करता पहिल्या फ्रेमशी करायची, जणू फोन तिपाईवर होता. एका जागी उभं राहून केलेल्या मोजणीसाठी हेच योग्य, कारण आपल्याला रेघ आणि रस्ता एकमेकांशी बांधून ठेवायचे आहेत. पहिलीच फ्रेम फराटलेली असेल तर 1 ऐवजी एखाद्या स्पष्ट फ्रेमचा क्रमांक द्या. चालत केलेल्या शूटिंगला ही पद्धत लागू पडत नाही.

तिसरी पायरी: स्थिर करा, दाणे कमी करा, मग उजळा

आता ती नोंद मूळ `a.mp4` वर लावायची. तिन्ही कामं एकाच आदेशात करा, म्हणजे व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाबला जात नाही.

```
ffmpeg -i a.mp4 -vf "vidstabtransform=input=h.trf:tripod=1:optzoom=0:crop=black:maxshift=80,hqdn3d=2:2:3:3,eq=gamma=1.8" -an -c:v libx264 -crf 14 d.mp4
```

हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. `hqdn3d` आधीच्या फ्रेमशी तुलना करून दाणे पुसतं. चित्र आधी स्थिर असेल तर भिंतीवर भिंत येते आणि दाणे छान निघतात. हलत्या चित्रावर तेच केलं तर भिंतीवर आकाश येतं आणि सगळं लिंपल्यासारखं होतं. याचे आकडे फार वाढवलेत तर चालत्या गाडीमागे भुतासारखी सावली ओढली जाते. तशी सावली दिसली तर शेवटचे दोन आकडे खाली आणा. उजळणं शेवटी ठेवायचं, कारण ते गाडीबरोबर दाणेही उजळतं. आधी उजळलंत तर पुसायला जास्त कचरा होतो.

`crop=black` विसरू नका. चित्र सरकवलं की कडेला रिकामी पट्टी उरते. `crop` काही दिलं नाही तर ती पट्टी जुन्या फ्रेममधल्या चित्राने भरली जाते, आणि त्या पट्टीत मघाशी गेलेल्या ट्रकचा तुकडा तसाच टिकून राहू शकतो. डोळ्यांना ते बरं दिसतं, मॉडेलला ती गाडी वाटते. काळी पट्टी कुरूप दिसली तरी ती खोटं सांगत नाही. पुढच्या उजळण्यामुळे ती करडी दिसली तरी काही बिघडत नाही.

काम जमलं का, हे पाहायला मी एक साधी युक्ती वापरतो. लॅपटॉपच्या स्क्रीनवर विजेच्या खांबाच्या टोकापाशी कागदी टेपचा बारीक तुकडा चिकटवायचा आणि व्हिडिओ चालवायचा. टोक टेपपाशी राहिलं तर ठीक. मोठा ट्रक समोरून जाताना खांब त्याच्याबरोबर सरकला, तर समजायचं की प्रोग्रामने ट्रकलाच जमीन मानलं. वरच्या अर्ध्या भागात न हलणाऱ्या वस्तू ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. त्या नसतील आणि ट्रकने चित्र भरून टाकलं तर `maxshift` कमी करून नुकसान थोडं आवरता येतं, पूर्ण थांबत नाही.

गॅमा म्हणजे नेमकं काय, आणि किती

चित्रातला प्रत्येक ठिपका 0 ते 255 मधला एक आकडा असतो. सगळ्यांत सरसकट 50 मिळवले तर दिवे 255 च्या वर जाऊन पांढरे होतात आणि अंधारातला फरक आहे तेवढाच राहतो. गॅमा तसं करत नाही. गॅमा 2 दिला तर 30 चा ठिपका सुमारे 87 होतो, पण 200 चा फक्त 226 पर्यंत जातो. म्हणजे अंधाराला जास्त ओढ आणि उजेडाला कमी. मोटरसायकलवाल्याचा शर्ट आणि मागचं काळं शेत यांतला चार-पाच आकड्यांचा फरक त्यामुळे दहा-बारापर्यंत जातो आणि मॉडेलला कड सापडते.

1.5 पासून सुरुवात करा आणि 2.2 च्या पुढे क्वचितच जा. त्यापुढे काळं आभाळ दाणेदार करडं होतं आणि झुडपांत, भिंतीवर, डबक्यातल्या प्रतिबिंबात मॉडेलला गाड्या दिसायला लागतात. डोळ्यांना चित्र किती छान दिसतं यावर गॅमा ठरवू नका, पुढे सांगितलेल्या मोजणीवर ठरवा.

प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा तपासून ती आपोआप उजळणाऱ्याही पद्धती आहेत, हिस्टोग्राम पसरवणाऱ्या किंवा शिकवलेल्या मॉडेलवर चालणाऱ्या. एकेका फोटोसाठी त्या चांगल्या आहेत. व्हिडिओत मात्र एक ट्रक हेडलाइट लावून आला की फ्रेमचा हिशेब बदलतो, सगळं चित्र लुकलुकतं आणि ट्रॅकरच्या हातातून क्रमांक सुटतात. अंधारातल्या मानवी हालचाली ओळखण्यासाठी २०२० मध्ये एआरआयडी नावाचा ११ प्रकारच्या हालचालींच्या व्हिडिओंचा संच प्रसिद्ध झाला. त्यावरच्या तुलनेत साध्या गॅमाने एका मॉडेलची अचूकता सुमारे ७५ वरून ७८ टक्क्यांवर गेली, तर एका जास्त गुंतागुंतीच्या, शिकवलेल्या पद्धतीने ती मूळच्याही खाली आली. माणसाच्या डोळ्यांना आवडलेलं चित्र यंत्राला उपयोगी पडेलच असं नाही, हे माझं मत त्या तुलनेमुळे पक्कं झालं. दुसरी गोष्ट, चांगल्या पद्धतीनेही मिळालेली वाढ तीन टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे अंधार नुसता उजळून अचूकता दुप्पट होईल ही आशा ठेवू नका.

मोजणी

मी योलोचं तयार मॉडेल वापरतो. ते कोको या फोटोंच्या संचावर शिकवलेलं आहे आणि ८० प्रकारच्या वस्तू ओळखतं. त्यांत कारचा क्रमांक 2, मोटरसायकलचा 3, बसचा 5 आणि ट्रकचा 7.

```
import sys
from ultralytics import YOLO
Y, last, n = 620, {}, 0
for f, r in enumerate(YOLO("yolov8s.pt").track(
        sys.argv[1], classes=[2,3,5,7], stream=True, verbose=False)):
    if r.boxes.id is None:
        continue
    for i, b in zip(r.boxes.id.int().tolist(), r.boxes.xywh.tolist()):
        y = b[1]
        if i in last and (last[i] - Y) * (y - Y) < 0:
            n += 1
            print(n, round(f / 30, 1))
        last[i] = y
```

`Y` म्हणजे रेघेची उंची, चित्राच्या वरच्या कडेपासून ठिपक्यांत मोजलेली. ती आपल्या व्हिडिओप्रमाणे बदला. प्रोग्राम प्रत्येक मोजलेल्या गाडीचा सेकंद छापतो, आणि सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे.

आमच्याकडची एक अडचण इथेच सांगून ठेवतो. त्या ८० प्रकारांत ट्रॅक्टर नाही, रिक्षा नाही, बैलगाडीही नाही. केळीची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर कधी ट्रक म्हणून मोजला जातो, कधी सुटतो, तर कधी डोकं आणि ट्रॉली अशा दोन गाड्या होतात. ही चूक उजळून किंवा स्थिर करून जात नाही, कारण भर दुपारच्या व्हिडिओतही ती असते. ट्रॅक्टर हाताने वेगळे मोजा आणि मोजणीतून बाजूला काढा. नाहीतर मॉडेलच्या अज्ञानाचा दोष अंधाराच्या माथी माराल.

फरक किती पडला

यासाठी आधी खरी यादी लागते. व्हिडिओ हळू चालवून एका वहीत प्रत्येक गाडीने रेघ ओलांडली तो सेकंद लिहा. ओलांडताना कुठली गाडी होती हेही लिहा. वीस मिनिटांच्या व्हिडिओला तासभर लागतो. शक्य झालं तर दुसऱ्या कुणाकडून वेगळी यादी करून घ्या. माझ्या चुलतभावाने केलेल्या यादीत माझ्याकडून सुटलेल्या दोन मोटरसायकली निघाल्या. दोन्ही दिव्याशिवाय होत्या.

मग एकाच व्हिडिओची चार रूपं करा. `a` म्हणजे काहीच न केलेला, `b` फक्त स्थिर केलेला, `c` फक्त दाणे कमी करून उजळलेला आणि `d` दोन्ही केलेला. चारही रूपांना तोच प्रोग्राम, तीच रेघ. छापलेला सेकंद वहीतल्या सेकंदाच्या एका सेकंदाच्या आत जुळला तर ती गाडी बरोबर. एका खऱ्या गाडीला एकच जोडी लावायची, उरलेली मोजणी खोटी धरायची.

हिशेब कसा करायचा ते कळावं म्हणून काही आकडे धरून चालू. हे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. समजा वहीत ६४ गाड्या आहेत.

काहीच न केलेल्या `a` ने ६१ मोजल्या. त्यांतल्या ४३ खऱ्या आणि १८ खोट्या किंवा दुबार. म्हणजे ६४ पैकी ४३, जेमतेम ६७ टक्के गाड्या सापडल्या, आणि जे मोजलं त्यातलं ७० टक्के खरं होतं. फक्त स्थिर केलेल्या `b` ने ४९ मोजल्या, त्यांत ४५ खऱ्या. सापडण्याचं प्रमाण फारसं हललं नाही, ७० टक्के झालं, पण मोजलेल्यातलं खरं ९२ टक्क्यांवर गेलं. दुबार मोजणी गेली, अंधारातल्या गाड्या मात्र तशाच सुटल्या. फक्त उजळलेल्या `c` ने ७५ मोजल्या, त्यांत ५२ खऱ्या. सापडणं ८१ टक्के, पण खरं ६९ टक्केच, कारण हलत्या चित्रात आता जास्त गाड्या दिसतात आणि त्याही दुबार मोजल्या जातात. दोन्ही केलेल्या `d` ने ५७ मोजल्या, ५४ खऱ्या. सापडणं ८४ टक्के आणि खरं ९५ टक्के.

आता फक्त एकूण आकड्याकडे पाहा. काहीच न केलेल्या व्हिडिओने ६१ सांगितले, म्हणजे खऱ्यापेक्षा तीन कमी. दोन्ही दुरुस्त्या केलेल्याने ५७ सांगितले, म्हणजे सात कमी. नुसती बेरीज पाहणारा म्हणेल की एवढी मेहनत करून काम बिघडलं! पण पहिल्या ६१ मधल्या १८ नोंदी खोट्या आहेत. त्यातून तासावारी गर्दी किंवा मोटरसायकलींचा वाटा काढलात तर तोही खोटा येईल. दुसऱ्या दिवशी वारा जास्त असला, हात जास्त हलला, तर हाच आकडा ८० वरही जाऊ शकतो.

आणखी एक काळजी घ्या. ६४ गाड्यांमध्ये एक गाडी म्हणजे दीड टक्का. `b` मध्ये सापडलेल्या गाड्या ४३ वरून ४५ झाल्या, त्याला वाढ म्हणू नका. तेवढा फरक नशिबानेही पडतो. ४३ वरून ५४ मात्र सांगण्यासारखं आहे. गॅमा 1.6 चांगला की 1.8, अशा बारीक प्रश्नासाठी दोन-तीन संध्याकाळचे व्हिडिओ आणि दोनशे-तीनशे गाड्या लागतात. आणि ज्या व्हिडिओवर गॅमा, `maxshift`, रेघ हे सगळं ठरवलं, त्याच व्हिडिओवरचा निकाल पंचायतीला दाखवू नका. नवीन संध्याकाळी शूटिंग करा, काही न बदलता चालवा आणि तो आकडा द्या.

जिथे उपाय चालत नाही

सुटलेल्या गाड्यांची वेगळी यादी करून त्या एकेक पाहिल्या की पुढे काय करायचं ते कळतं. मी व्हिडिओ त्या सेकंदावर थांबवतो आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवतो. तरीही मलाच गाडीचा आकार दिसत नसेल तर गॅमाकडूनही फार आशा नाही, कारण तिथे उजेड टिपलाच गेला नाही, फक्त दाणे आहेत. तिथे दुसरी जागा किंवा खांबावर दिवा, एवढाच उपाय. आकार दिसतो पण फराटलेला आहे, तर शटर उघडं राहण्याचा वेळ कमी करायचा. आकार स्पष्ट आहे, चौकटही येते, पण रेघेपाशी क्रमांक बदलतो, तर रेघ थोडी वरखाली सरकवून पाहायची. बहुधा तिथे खांब किंवा झाडाची फांदी गाडीला क्षणभर झाकत असते.

आमच्या फाट्यावर सगळं करूनही ज्या सुटल्या त्यांतल्या बहुतेक मोटरसायकली दिवा न लावता, ट्रकच्या मागोमाग, समोरच्या हेडलाइटच्या झळाळीत जाणाऱ्या होत्या. कॅमेऱ्याला त्या दिसल्या नाहीत तशा समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही दिसत नसणार. म्हणून ग्रामपंचायतीला दिलेल्या कागदावर मी यंत्राचा आकडा लिहिला, तो किती टक्के गाड्या पकडतो ते लिहिलं, आणि खाली हाताने मोजलेल्या बिनदिव्याच्या मोटरसायकली वेळेसकट वेगळ्या लिहिल्या. व्हिडिओ दिला नाही, कारण त्यात गावातल्या लोकांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर होते, आणि गतिरोधकासाठी त्यांची गरज नव्हती.